यहोयाखीनचं तेल

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय बाबेलच्या बंदिवासाबद्दल, म्हणजे यरुशलेमच्या यहूदा राज्यातल्या लोकांना बाबेलला, आपल्या बॅबिलोनला, नेलं त्या काळाबद्दल, पण सुरुवात करतो वाणसामानाच्या यादीपासून. माझी ही लाडकी गोष्ट आहे, त्यामुळे थोडी लांबेल. चालवून घ्या.

रॉबर्ट कोल्डवे नावाचे जर्मन उत्खननकार १८९९ पासून बाबेलच्या ढिगाऱ्यात खणत होते. ईश्तर वेशीजवळच्या राजवाड्यात त्यांना ओळीनं कमानीच्या खोल्या लागल्या. भिंती जाड, आत विहीर. त्यांना वाटलं, सापडल्या! याच त्या जगप्रसिद्ध झुलत्या बागा, निदान त्यांचा पाया तरी. त्याच खोल्यांमध्ये मातीच्या विटकांचा एक साठा निघाला, बाणाच्या टोकासारख्या अक्षरांत लिहिलेला. विटका बर्लिनला गेल्या आणि पडून राहिल्या. कोल्डवे १९२५ साली वारले. पुढे १९३९ मध्ये एर्न्स्ट वाइडनर यांनी त्यातल्या काही वाचून छापल्या, तेव्हा कळलं की ती बाग नव्हती, ते कोठार होतं. तिथला कारकून कोणाला किती तेल दिलं याचा हिशेब लिहीत होता.

आता हे तेल म्हणजे तिळाचं. बाबेलच्या त्या सपाट, कालव्यांच्या मुलखात जैतून होत नव्हतं, घरोघरी तीळच. तर त्या यादीत एक नोंद आहे : यहूदाचा राजा याऊकीनू, दहा माप. यहूदाच्या राजाचे पाच मुलगे, अडीच माप. एक माप म्हणजे साधारण आपलं लिटर. म्हणजे राजाला दहा लिटर आणि पोरांना प्रत्येकी अर्धा.

हा याऊकीनू म्हणजे बायबलमधला यहोयाखीन. अठराव्या वर्षी यरुशलेमच्या गादीवर बसला, आणि तीन महिन्यांत, इ.स.पू. ५९७ मध्ये, बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला शरण गेला. आई, बायका, सरदार, कारागीर सगळ्यांसह त्याला बाबेलला नेलं. या विटकांपैकी एकीवर इ.स.पू. ५९२ चं साल येतं. म्हणजे राजा तेव्हा तेविशीतला, पाच पोरांचा बाप आणि कोठारासमोरच्या रांगेतला. रांगेत तो स्वतः उभा राहत नसेल म्हणा, नोकर पाठवत असेल. पण यादीत नाव आहे. मी नेहमी सांगतो, राजांची चरित्रं लिहिणाऱ्यांपेक्षा कोठारातल्या कारकुनावर जास्त विश्वास ठेवा. त्याला कोणाची स्तुती करायची नसते, त्याला फक्त संध्याकाळी हिशेब जुळवायचा असतो. आमच्या घरातल्या जुन्या किराणा वह्या रद्दीत घातल्या, त्याचं दुःख मला आजही आहे. असो.

याच याद्यांमध्ये आणखी लोक आहेत. ग्रीक सुतार आहेत, इजिप्तचे लोक आहेत, आणि अष्कलोनच्या राजाचे मुलगेही आहेत. अष्कलोन म्हणजे समुद्रकाठचं पलिष्ट्यांचं शहर. नबुखद्नेस्सरनं ते यरुशलेमच्या आधीच, इ.स.पू. ६०४ मध्ये, बेचिराख केलं होतं. हे नीट ऐका, कारण गोष्टीचा सगळा जीव इथे आहे. कोठार तेच, तेल तेच, यादी तीच. दोघांचं राज्य गेलं, दोघांचे राजपुत्र शिध्यावर. बाबेलच्या मुलखात अष्कलोनकरांची स्वतंत्र वस्ती होती, तशी यहूदाच्या लोकांचीही होती. तिचं नाव अल-याहूदू, म्हणजे यहूदाचं गाव. तिथल्या विटका इ.स.पू. ५७२ पासून पुढच्या मिळतात; त्यात शेती, कर्ज, खंड, कालव्याचं पाणी, असं साधंसुधं सगळं आहे. पण पलिष्टी दोनेकशे वर्षांत विरघळून गेले. यहूदी राहिले.

का राहिले? एकत्र वस्ती होती म्हणून, असं म्हणावं तर वस्ती अष्कलोनकरांचीही होती.

त्या काळचा हिशेब सरळ होता. देऊळ जळलं म्हणजे देव हरला, ज्याचं सैन्य जिंकलं त्याचा देव मोठा. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेमचं मंदिर जाळलं गेलं. या हिशेबानं त्यांचा देव संपायला हवा होता. बंदिवासातल्या लेखकांनी हिशेबच उलटा मांडला. ते म्हणाले, आपला देव हरलेला नाही, त्यानंच हे घडवून आणलं, कारण आपण त्याचे नियम मोडले. पुन्हा सांगतो, देव हरला नाही, नियम मोडले गेले. एकदा हे मान्य केलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : नियम नेमके कोणते? ते लिहिलेले कुठे आहेत?

लिहिलेलं काही आधीपासून होतंच. योशिया राजाच्या काळात, इ.स.पू. ६२२ मध्ये, मंदिरात नियमशास्त्राचा एक ग्रंथ सापडल्याची कथा बायबलच सांगते. पण मंदिर उभं असताना नियम चालवायला याजक होता, यज्ञ होता. बाबेलमध्ये यज्ञ नाही, वेदी नाही. मग जुन्या कथा, वंशावळ्या, नियम एकत्र करून नीट लावण्याचं काम तिथे जोरात झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बायबलमधला राजांचा इतिहास त्याच काळात आजच्या रूपाला आला. आणि तो कशावर संपतो? यहोयाखीनवर. बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलच्या नव्या राजानं त्याला कैदेतून काढलं, आपल्या पंक्तीला बसवलं आणि जन्मभर रोजचा शिधा बांधून दिला. चारशे वर्षांच्या राजवंशाचा ग्रंथ एका शिध्याच्या नोंदीवर थांबतो. विटका वाचल्यापासून ती ओळ मला वेगळीच ऐकू येते.

देवाचंही स्थलांतर झालं. कालव्याकाठी राहणाऱ्या यहेज्केल नावाच्या याजकाला दर्शन झालं, त्यात देवाच्या सिंहासनाला चाकं होती. चाकं! म्हणजे देव यरुशलेमला बांधलेला नाही. तसंच शब्बाथचं, म्हणजे सातव्या दिवशी काम बंद ठेवण्याचं. वेदी सोबत नेता येत नाही, सातवा दिवस नेता येतो. सुंतेचंही तेच : बाबेलचे लोक सुंता करत नसत, त्यामुळे तिथे ती ओळखीची खूण झाली.

हे किती टिकाऊ ठरलं, ते पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. अलिबागकडच्या बेने इस्राएल यहूद्यांना गावकरी शनवार तेली म्हणायचे. घाणा चालवायचा, पण शनिवारी बंद. शेकडो वर्षं त्यांच्याकडे ग्रंथ नव्हता. शनिवार होता, सुंता होती, शेमा नावाची प्रार्थना होती. पाहा, तेल इथेही आलंच.

परत जाऊ. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या सायरसनं बाबेल घेतलं आणि पुढे लोकांना परतायची मोकळीक मिळाली. सगळे परतले नाहीत. अल-याहूदूच्या विटका पुढेही चालूच आहेत, शेतं चांगली होती. इ.स.पू. ५१५ ला यरुशलेममध्ये मंदिर पुन्हा उभं राहिलं. त्यानंतर काही दशकांनी एज्रा नावाचा शास्त्री बाबेलहून ग्रंथ घेऊन आला.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात त्या ग्रंथाच्या वाचनाचा प्रसंग आहे. लोक सकाळी जमले, बाया, पुरुष, ज्यांना ऐकून समजेल असे सगळे. एज्रा लाकडी मंचावर उभा राहिला आणि पहाटेपासून दुपारपर्यंत वाचत राहिला. मध्ये मंदिराची सेवा करणारे लेवी लोक अर्थ फोडून सांगत होते. ऐकून माणसं रडायला लागली, तेव्हा त्यांना सांगितलं, रडू नका, घरी जा, गोडाधोडाचं खा, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला वाटा पाठवा.

मंदिर तर बांधून तयार होतं. वाचन मात्र तिथे झालं नाही, ते पाणवेशीसमोरच्या चौकात झालं.

नमस्कार.