जाहिरात जुनी, पण जागा आहे का?

नमस्कार श्रोतेहो. नोकरीची एखादी जाहिरात तीन महिने झाले तरी हटत नाही. काम आपल्याला जमण्यासारखं, पण जागा खरंच रिकामी आहे की जाहिरात काढायची राहून गेली, कळत नाही. अशा वेळी ज्यांच्या हाताखाली काम करायचं, त्या मॅनेजरलाच विचारावं.

त्याआधी एक खातरजमा करा. ती जागा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे का? नोकरीच्या पोर्टलवर बऱ्याच जाहिराती दुसरीकडून उचललेल्या असतात. मूळ जाहिरात निघाली तरी तिथे त्या दिसत राहतात. तारखेवरही जाऊ नका, कारण तीच जाहिरात पुन्हा टाकली की तारीख ताजी होते. जागा मूळ वेबसाइटवर सापडली, तर तिचा जॉब आयडी लिहून घ्या.

आता प्रश्न. 'जागा अजून आहे का?' एवढंच विचारलं, तर 'हो, अर्ज करा' असं उत्तर येतं आणि आपण होतो तिथेच राहतो. 'इतके दिवस का भरली नाही?' हे तर विचारूच नका. समोरच्याला तो ठपका वाटतो.

समजा, पगारपत्रकं सांभाळणाऱ्या अकाउंटंटची जागा आहे. निरोप असा लिहा: 'नमस्कार मॅडम. पेरोल अकाउंटंट या जागेची जाहिरात पाहिली, जॉब आयडी सोबत देत आहे. मी चार वर्षं दोनशे जणांचा पगार काढण्याचं काम केलं आहे. या जागेसाठी सध्या मुलाखती चालू आहेत का? आणि जाहिरात दिल्यानंतर कामाच्या स्वरूपात काही बदल झाला आहे का?' बस्स. बायोडेटा जोडा, पण आपली कहाणी लांबवू नका.

सगळी मदार 'मुलाखती' या शब्दावर आहे. 'पुढच्या आठवड्यात बोलावतोय' असं उत्तर आलं, तर जागा जिवंत आहे. त्याच दिवशी अर्ज करा. 'निवडलेल्या उमेदवाराने ऐनवेळी नकार दिला' असं कळलं, तर संधी चांगलीच, कारण त्यांना घाई असते. 'वरून मंजुरी यायची आहे' म्हणाल्या, तर मॅडमना माणूस हवाय, पण पैसा अडकलाय. मंजुरी केव्हा अपेक्षित आहे, तेवढं विचारून ठेवा. 'आम्ही कायमच अर्ज घेत असतो' याचा अर्थ बहुधा नावांचा साठा चाललाय. तिथे अर्ज जरूर टाका, पण तारखांची आशा धरू नका.

उत्तरच आलं नाही तर? आठवड्याने एकदा आठवण करा, तीही दोन ओळींत. तरीही काही कळलं नाही, तर कंपनीच्या एचआरला तोच जॉब आयडी देऊन विचारा. जागा कागदोपत्री चालू आहे की थांबवली आहे, याची नोंद त्यांच्याकडे असते. मॅनेजर रजेवर असले तरी ते सांगू शकतात.