दुसऱ्या मजल्यावर थांबणारी छाती

नमस्कार श्रोतेहो. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे ५८ वर्षांचे एक गृहस्थ आले. तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. जेवण करून भरभर जिना चढले, की दुसऱ्या मजल्यावर छाती आवळल्यासारखी व्हायची आणि डावा हात जड पडायचा. कठड्याला धरून तीन-चार मिनिटं उभं राहिलं की सगळं ओसरायचं. तीन महिने हे असंच चाललं होतं. घरच्यांना वाटलं गॅसेस असतील.

मी त्यांना विचारलं, "काका, दुखतं कुठे?" त्यांनी एक बोट ठेवलं नाही. मूठ वळली आणि छातीच्या मधोमध धरली. या दुखण्याचे रुग्ण पुष्कळदा असंच दाखवतात.

याला स्थिर अंजायना म्हणतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचून वाट अरुंद झालेली असते. बसल्या जागी तेवढं रक्त पुरतं. जिना चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून ते कळ देतं. थांबलं की गरज कमी होते आणि कळ जाते. हार्ट अटॅकमध्ये घडतं ते वेगळं. तिथे हा थर अचानक फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. मग विश्रांती घेऊनही कळ थांबत नाही, कारण पलीकडचा स्नायू मरू लागलेला असतो.

काकांची आम्ही स्ट्रेस टेस्ट केली. छातीला ईसीजीच्या तारा लावून चालत्या पट्ट्यावर चालायचं. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. २२० मधून वय वजा केलं तर काकांचे १६२ ठोके येतात. त्याचे ८५ टक्के, म्हणजे साधारण १३८ ठोक्यांपर्यंत न्यायचं होतं. सातव्या मिनिटाला, १२६ ठोक्यांवर, तीच ओळखीची कळ आली आणि ईसीजीची रेघ दीड मिलिमीटर खाली गेली, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत होतं. आम्ही पट्टा थांबवला. पहिल्या तीन मिनिटांतच कळ आली असती किंवा चालताना रक्तदाब खाली आला असता, तर मला जास्त काळजी वाटली असती.

ही चाचणी चुकूही शकते. स्त्रियांमध्ये ती कधीकधी उगाच दोष दाखवते. गुडघे दुखत असतील तर पुरेसं चालताच येत नाही. अशा वेळी औषध देऊन सोनोग्राफीवर किंवा स्कॅनवर हृदय तपासतात. आणि बसल्या जागी कळ येत असेल, तर पट्ट्यावर चढायचंच नाही.

मग काकांचा सीटी अँजिओ, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांचा स्कॅन केला. उजव्या वाहिनीत ८० टक्के अडथळा होता, पण डावी मुख्य वाहिनी स्वच्छ होती आणि हृदयाचं पंपिंग चांगलं होतं. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आजच स्टेंट टाका, उद्या अटॅक आला तर?" ही भीती मी रोज ऐकतो, म्हणून सावकाश सांगतो. २०२० मध्ये 'इस्केमिया' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. ५,१७९ रुग्णांपैकी निम्म्यांना औषधांबरोबर लवकर अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, तर निम्म्यांना आधी फक्त औषधं. मृत्यू आणि अटॅक मिळून पाहिले, तर त्यात ठोस फरक पडला नाही. पण ज्यांना वारंवार कळ यायची, त्यांना स्टेंट-बायपासने जास्त आराम मिळाला. कारण असं, की अटॅक पुष्कळदा लहान, फारसा न अडवणारा थर फाटून येतो आणि स्टेंट फक्त एकाच जागी बसतो. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी मात्र सगळ्याच वाहिन्यांवर काम करते.

म्हणून काकांना अॅस्पिरिन, स्टॅटिन, ठोके कमी करणारी गोळी दिली आणि बिडी बंद करायला सांगितली. सहा आठवड्यांनी ते न थांबता घरापर्यंत चढले. औषधं घेऊनही कळ राहिली असती, तर अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला असता. डावी मुख्य वाहिनी अरुंद असती, किंवा मधुमेह असून तिन्ही वाहिन्यांत अडथळे असते, किंवा पंपिंग कमजोर असून अनेक अडथळे असते, तर आधी बायपासचा विचार केला असता, कारण अशा रुग्णांचं आयुष्य त्याने वाढू शकतं.

काकांच्या कपाटावर मी लिहून दिलेला कागद चिकटवलेला आहे. कळ आली की आधी खाली बसायचं आणि मगच जिभेखाली नायट्रेटची, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी ठेवायची, कारण तिने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. पाच मिनिटांत कळ गेली नाही, किंवा बसल्या जागी घाम फुटून कळ आली, तर १०८ ला फोन. स्वतः गाडी चालवायची नाही. आणि दुसऱ्या मजल्याऐवजी पहिल्याच मजल्यावर थांबावं लागू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचं.