दुनळीवरचा काळा

(दृश्य: ग्वाल्हेर, लष्कर भाग. जुन्या वाड्याच्या माडीवर सुती कापडावर ठेवलेली बारा बोअरची दुनळी बंदूक. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केलेल्या.)

लष्करमधल्या एका मराठी कुटुंबाकडे ही दुनळी तीन पिढ्यांपासून आहे. 2023 च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली, तेव्हा परिसरातल्या इतर परवानाधारकांप्रमाणे या कुटुंबानेही आपली बंदूक जमा केली. त्याआधी सबंध पावसाळा ती कपाटात, फोमचे अस्तर असलेल्या रेक्झिनच्या पिशवीत होती, आणि त्याच पिशवीतून ती घराबाहेर पडली. निकालानंतर ती घरी आली आणि पिशवीची चेन उघडली, तेव्हा उजव्या नळीवर, जिथे अस्तर टेकलेले होते नेमके तिथे, वीतभर लांबीचा तांबूस पट्टा दिसला. घरच्यांचा प्रश्न साधा होता: नळ्यांवर काळा रंग चढवलेला असताना गंज लागलाच कसा?

या प्रश्नाचे उत्तर असे की, ज्याला आपण रंग समजतो तो रंग नसून लोखंडाचाच एक ऑक्साइड आहे. लोखंडाचे तांबडे ऑक्साइड म्हणजे आपल्या ओळखीचा गंज. तो फुगतो, सुटा होतो, गळून पडतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेला उघडे करतो. काळे ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, मात्र पोलादाला घट्ट धरून बसते. ब्लूइंग म्हणजे पृष्ठभागावर हे काळे ऑक्साइड मुद्दाम तयार करणे. पण हा थर साधारण एका मायक्रॉनचा, फार तर दोन-अडीच मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले की या थराचा तलमपणा ध्यानात येतो. शिवाय तो सच्छिद्र असतो. त्यामुळे कोरडे ब्लूइंग पाणी अडवत नाही. ते तेल धरून ठेवते, आणि पाणी अडवण्याचे काम ते तेल करते. फोमच्या अस्तराने पावसाळाभर हवेतला ओलावा धरून ठेवला, नळीवरचे तेल हळूहळू टिपून घेतले, आणि तेल गेलेल्या जागी तो ओलावा महिनोन्‌महिने टेकवून ठेवला.

हाताच्या घामाचेही असेच आहे. घामातले मीठ त्या छिद्रांत शिरते आणि तिथून गंजाची सुरुवात होते. म्हणूनच जुन्या बंदुकीवर नळीचे तोंड, चापाभोवतीचे कडे आणि बंदूक तोलून हातात धरण्याची जागा, एवढी ठिकाणे आधी पांढरी पडलेली दिसतात. तिथे घर्षण आणि घाम एकाच वेळी काम करत असतात.

(दृश्य: परवानाधारक दुरुस्ती-कारागिराचे बाक. तेलात भिजवलेली ब्राँझची लोकर पट्ट्यावरून हलक्या हाताने फिरते.)

कारागिराने प्रथम नुकसान किती खोल गेले आहे हे पाहिले. तेल लावून ब्राँझची बारीक लोकर हलक्या हाताने फिरवली की वरचा तांबडा गंज निघतो आणि खालचा काळा थर शाबूत राहतो. तो शाबूत असेल, तर काम तिथेच संपते. या नळीवर पट्ट्याच्या मधल्या भागात काळ्याऐवजी राखाडी पोलाद दिसले, आणि तीन ठिकाणी नख अडकले. नख अडकते तिथे गंजाने पोलादात खड्डा केलेला असतो आणि त्यावर कोणतेही लेपन उपाय ठरत नाही. पट्ट्याच्या टोकाला नाण्याएवढा एक पांढुरका डागही होता. घरातल्या तरुणाने बाजारातले गंज काढणारे द्रावण तिथे लावून पाहिले होते. अशा द्रावणांत बहुधा फॉस्फोरिक आम्ल असते, आणि आम्लाला तांबडे ऑक्साइड व काळे ऑक्साइड यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही विरघळवते. घरातल्या व्हिनेगरनेही नेमके हेच होते.

आता सगळ्या नळीवर नव्याने काळा चढवणे आले. कारखान्यांत हे काम बहुधा गरम क्षारांच्या टाकीत होते. कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट यांचे दाट द्रावण साधारण 140 अंश सेल्सिअसला उकळत ठेवतात आणि त्यात भाग बुडवतात. अर्ध्या तासाच्या आसपास एकसारखा, चकचकीत काळा थर मिळतो. पण दुनळीला ही टाकी चालत नाही. तिच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या बहुधा शिशे-कथलाच्या झाळेने, म्हणजे सोल्डरने जोडलेल्या असतात. त्या उष्णतेने झाळ वितळेल असा समज आहे, पण तो बरोबर नाही, कारण ही झाळ वितळायला 180 अंशांहून अधिक तापमान लागते. खरी हानी रासायनिक आहे. तो क्षार शिसे आणि कथील यांना खातो, जोड पोखरतो, आणि पट्ट्यांच्या खालच्या पोकळीत शिरून तिथेच राहतो. पुढे महिन्यांनी ओल्या हवेत तो पाझरू लागतो, आणि पट्टीच्या कडेला पांढरी पूड व तिच्याभोवती गंज दिसू लागतो. बाहेरून नवी दिसणारी दुनळी अशी आतून सुटत जाते. ही चूक नंतर दुरुस्त करणे फार महागात पडते, कारण त्यासाठी नळ्या पूर्ण सोडवून पुन्हा झाळाव्या लागतात.

म्हणून या नळ्यांसाठी जुनी, संथ पद्धत निवडली गेली. तिच्यात पोलादाला आधी जाणूनबुजून गंज चढवतात आणि मग तो गंज पाण्यात उकळून काळा करतात.

(दृश्य: पॉलिश पेपरने घासलेल्या, फिकट राखाडी दिसणाऱ्या नळ्या, दोन्ही टोकांना लाकडी गुट्टे.)

नळ्या चारशे नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंतच घासल्या. त्याहून आरशासारखी झिलई केली, तर गंज एकसारखा धरत नाही. घासताना क्रमांक आणि चाचणीचे ठसे यांच्या कडांना हात लावला नाही. क्रमांक पुसट होणे हा कायद्याचा प्रश्न ठरतो, आणि कोणतेही पॉलिश त्यापुढे क्षुल्लक आहे. तीनपैकी दोन खड्डे तळापासून काढायचे, तर नळीची भिंत पातळ करावी लागली असती. कारागिराने ते तसेच राहू दिले, आणि माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. नंतर नळीच्या आत पाणी जाऊ नये म्हणून गुट्टे ठोकले, सोड्याच्या उकळत्या पाण्याने सगळा तेलकटपणा काढला, आणि तिथून पुढे धातूला उघडा हात लावला नाही. बोटाचा एक ठसा म्हणजे काळा न धरणारा एक डाग.

गंज चढवणारे आम्लयुक्त द्रावण कापडाने लावतात. कापड जेमतेम ओले हवे आणि हात एकाच दिशेने, एकदाच फिरायला हवा. जास्त लावले, तर ओघळ येतात आणि ते शेवटपर्यंत दिसतात. यानंतर नळ्या काही तास दमट पेटीत टांगतात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते, की पेटीत पाण्याचे भांडे आणि त्याखाली मंद दिवा ठेवल्याशिवाय गंजच धरत नाही. ऑगस्टमध्ये मात्र पेटीचीही गरज पडत नाही. हे काम जानेवारीत झाले, म्हणून दिवा आणि भांडे दोन्ही लागले.

नळ्यांवर मखमलीसारखी तांबूस बुरशी आली, की त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्यात, पंधरा मिनिटे उकळतात. बोअरवेलच्या जड पाण्यातल्या क्षारांचे डाग उमटतात, म्हणून ते चालत नाही. उकळीत तांबडा गंज पाहता पाहता काळा होतो. मग बारीक, तेलविरहित तारेच्या ब्रशने सुटी काजळी झाडतात, आणि खाली राहते ती फिकट राखाडी सावली. पहिल्या फेरीत मिळते ते एवढेच. कारागीर घरमालकांना म्हणाला, "काका, आज बघून निराश होऊ नका, चौथ्या वेळेपर्यंत हा काळा दिसणार नाही." या नळ्यांना सात फेऱ्या लागल्या, दिवसाला एक. शेवटच्या उकळीनंतर नळ्या गरम असतानाच तेलात भिजवून रात्रभर ठेवल्या, म्हणजे छिद्रे तेलाने भरतात. असा थर टाकीतल्या थरापेक्षा किंचित जाड आणि कमी चकचकीत असतो, आणि घासण्याला अधिक काळ टिकतो.

(दृश्य: फॉस्फेट केलेली, मातकट राखाडी रंगाची एक लष्करी रायफल.)

घरच्यांनी एक रास्त प्रश्न विचारला, की सैन्याच्या रायफलींवर असते तसे काही का करू नये. सैन्याच्या रायफलींवर पार्करायझिंग असते, म्हणजे फॉस्फेटचा थर. ब्रिटनमध्ये थॉमस कॉस्लेट यांनी 1906 मध्ये फॉस्फोरिक आम्लाच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले आणि पुढे अमेरिकेतल्या पार्कर कंपनीच्या नावाने ती रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या गॅरंड रायफली याच थराच्या होत्या. सुमारे 90 अंशांच्या द्रावणात जस्ताच्या किंवा मँगनीजच्या फॉस्फेटचे स्फटिक पोलादावर उगवतात. थर पाच ते पंधरा मायक्रॉनचा होतो आणि स्फटिकांमधल्या फटींत ब्लूइंगपेक्षा कितीतरी अधिक तेल मुरते, त्यामुळे चिखल-पावसात तो जास्त काळ तग धरतो. चकाकी नसते, हा सैन्यासाठी आणखी एक गुण. पण हा थर धरण्यासाठी पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने खरबरीत करावा लागतो, आणि या दुनळीच्या बाजूंवरची बारीक वेलबुट्टी त्या माऱ्याखाली पुसली गेली असती. नळ्या आणि त्यांची बैठक एकमेकींत इतक्या घट्ट बसतात, की वाढलेले काही मायक्रॉनही तिथे जाणवले असते.

आजची लेपने याहून वेगळ्या तत्त्वावर चालतात. सेराकोटसारखा सिरॅमिकमिश्रित लेप सुमारे पंचवीस मायक्रॉनचा असतो, फवारून भट्टीत पक्का केला जातो, आणि तेलाच्या भरवशावर न राहता पाण्याला थेट अडवतो. तो जिथवर अखंड आहे तिथवर ओलाव्यापुढे ब्लूइंगपेक्षा फार सरस ठरतो. पण एकदा पोलादापर्यंत ओरखडा गेला, की गंज लेपाच्या खालून सरकतो आणि वरून दिसत नाही. शिवाय जुन्या दुनळीच्या पट्ट्यांखाली वर्षानुवर्षांचे तेल साठलेले असते. भट्टीच्या उष्णतेने ते बाहेर येते आणि कडेचा लेप सुटतो. क्षाराच्या भट्टीतले नायट्रायडिंग सर्वांत चिवट, कारण तिथे लेप नसून पोलादाचाच पृष्ठभाग कठीण होतो, आणि झीज व गंज दोन्ही एकदम अडतात. परंतु ते 550 अंशांच्या वर होते. तिथे दुनळीची झाळ पाण्यासारखी वाहून जाईल. एकसंध नळीच्या नव्या रायफलीसाठी मी तेच सुचवेन.

(दृश्य: वाड्याची माडी. काळ्या, किंचित निस्तेज नळ्या. नळीवर टाकलेला पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राहतो.)

थेंब उभा राहतो तोवर तेलाचा पापुद्रा शाबूत असतो. तो पसरला, की पुन्हा तेलाचा हात द्यायची वेळ झाली. न काढलेले दोन खड्डे काळे होऊन उजव्या नळीवर ठिपक्यांसारखे दिसतात. बंदूक आता सुती खोळीत, कपाटात उभी असते आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला बाहेर निघते. थंडीच्या दिवसांत ती गार ओसरीवरून ऊबदार खोलीत आणली, तर तिच्यावर दव धरते, म्हणून ती तासभर उघडी ठेवून मगच पुसली जाते. रेक्झिनची पिशवी माडीवर खुंटीला रिकामी लटकलेली आहे.