मैदानावरची पहिली तीन मिनिटे
(इंदूर येथे क्रीडा प्रशिक्षक व मैदान-कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

रविवारी सकाळी सराव चालू आहे, सोळा वर्षांचा गोलंदाज धावत येतो आणि कोणाचाही धक्का न लागता कोसळतो, अशी कल्पना करा. त्याचे हातपाय झटके देतात आणि मधूनमधून घोरल्यासारखा श्वास येतो. आपल्याकडे लगेच कोणीतरी 'फिट आली' म्हणतो, कांदा किंवा चप्पल नाकाशी धरतो, दातांत चमचा घालू पाहतो. हृदय थांबल्यावर पहिल्या काही क्षणांत असेच झटके आणि असाच अडखळता श्वास दिसू शकतो, म्हणून अशा प्रसंगासाठीच्या आराखड्याचे पहिले वाक्य असे हवे: खेळाडू अचानक कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि त्याचा श्वास नेहमीसारखा नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत हृदय थांबले आहे असेच समजायचे. ही पारख दहा सेकंदांत संपली पाहिजे.

त्यानंतर कामे आधीच वाटलेली हवीत. जवळचा प्रशिक्षक छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देतो. दर दोन मिनिटांनी दुसरा माणूस त्याची जागा घेतो, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो आणि ते त्याचे त्यालाच कळत नाही. दुसरा हृदयाला झटका देणारे यंत्र, म्हणजे एईडी, आणायला धावतो. तिसरा 108 ला फोन करून रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येईल ते सांगतो. फाटकाची किल्ली असलेला चौथा तिथे जाऊन उभा राहतो.

आता हिशेब करून पाहू. एईडी कार्यालयात आहे आणि कार्यालय खेळपट्टीपासून 180 मीटरवर. सेकंदाला चार मीटर वेगाने जायला 45 सेकंद आणि यायला तेवढीच, म्हणजे दीड मिनिट. कपाटाला कुलूप असून किल्ली लिपिकाच्या खिशात असली, तर आणखी मिनिटभर गेलेच. पारखीची दहा सेकंदे आणि घामाने भिजलेली छाती पुसून पट्ट्या चिकटवण्याचा वेळ धरला, तर कोसळण्यापासून पहिल्या झटक्यापर्यंत जी तीन मिनिटे हाताशी असावीत, ती संपतात. दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. कोपनहेगनला 12 जून 2021 रोजी डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिश्चियन एरिक्सन भर सामन्यात कोसळला, तेव्हा दाब आणि झटका दोन्ही मैदानावरच मिळाले आणि तो वाचला. आपण यंत्र गुणलेखकाच्या मेजाशी, बिनकुलपाच्या पेटीत ठेवले तर धावणे वीस-तीस मीटरचेच उरते. नवे यंत्र घेण्याआधी जुन्याची जागा बदला, असे मी म्हणेन.

यंत्र 'झटका नको' म्हणाले, तर खेळाडू सावरला असा त्याचा अर्थ होत नाही. तो हालचाल करेपर्यंत किंवा रुग्णवाहिकेतील माणसे जबाबदारी घेईपर्यंत दाब चालूच ठेवायचा. उन्हाळ्यात उष्माघाताने कोसळलेला, पण नीट श्वास घेणारा खेळाडू ही वेगळी गोष्ट आहे. त्याला आधी पाण्याने व बर्फाने थंड करायचे आणि मग हलवायचे.

ही तालीम हंगामाच्या आधी घड्याळ लावून करा, आणि ती रविवारी सकाळी करा, कारण मोठे फाटक त्याच वेळी बंद असते.