सालीची जाडी आणि गोव्याचे जेवण

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखी रूप)

मित्रहो, कॅबर्ने, मर्लो आणि पिनो न्वार ही तीन नावे आपण बाटलीवर वाचतो, पण ती मुळात द्राक्षांच्या जातींची नावे आहेत. कॅबर्ने म्हणजे येथे कॅबर्ने सोव्हिन्यों. या तिन्हींची चव समजून घ्यायची असेल तर वाइनच्या पेल्यापेक्षा द्राक्षाच्या मण्यापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते, कारण त्यांच्यातला सर्वांत मोठा फरक सालीत दडलेला आहे.

या तिन्ही काळ्या द्राक्षांचा गर कापून पाहिला तर तो जवळजवळ रंगहीन असतो. वाइनला लाल रंग येतो तो सालीमुळे. गाळलेला रस न आंबवता सालीसकट आंबवला की सालीतला रंग त्यात उतरतो आणि त्याच्याबरोबर सालीतले व बियांतले टॅनिनही उतरते. टॅनिन म्हणजे काय हे गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. काजूचा बोंडू चावला की तोंडभर गोड रस येतो आणि क्षणभरात जीभ ओढली जाते, घसा धरतो. तेच टॅनिन. आपल्या लाळेत काही प्रथिने असतात, ती तोंडाचा आतला भाग बुळबुळीत ठेवतात. टॅनिन या प्रथिनांना पकडून त्यांचा साका करते आणि त्यामुळे जीभ, हिरड्या व गालाची आतली बाजू कोरडी आणि खरखरीत लागते. म्हणून तुरटपणा ही चवीपेक्षा स्पर्शाची गोष्ट अधिक आहे. वाइन चाखताना ‘गोड की आंबट’ हे विचारण्याबरोबरच ‘हिरड्यांना काय जाणवले’ हेही विचारावे.

आता तीन मण्यांकडे पाहू. कॅबर्नेचा मणी लहान, साल जाड आणि बिया मण्याच्या मानाने मोठ्या. रस कमी आणि साल-बियांचा वाटा जास्त, त्यामुळे वाइन गडद, तुरट आणि भरभक्कम होते. तिचा वास काळ्या करंटसारखा असतो असे युरोपातले लोक सांगतात. आपल्यापैकी बहुतेकांनी ते फळ पाहिलेलेही नाही, म्हणून मी पिकलेल्या करवंदाची आठवण करून देतो, वास तंतोतंत तोच नसला तरी त्याचा गडद आंबटगोडपणा त्याच वाटेवरचा आहे. मर्लोचा मणी थोडा मोठा, साल पातळ, आणि ती कॅबर्नेच्या एक-दोन आठवडे आधी पिकते. तिची चव पिकलेल्या प्लमची, तुरटपणा मऊ आणि आंबटपणा बेताचा. या दोघींची भावंडासारखी सारखी वळणे उगाच नाहीत. गेल्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या जनुकीय तपासण्यांतून असे निष्पन्न झाले की कॅबर्ने फ्रांक ही जात या दोघींचीही पालक आहे. सोव्हिन्यों ब्लांशी तिचा संकर होऊन कॅबर्ने सोव्हिन्यों झाली, तर मर्लोचे दुसरे पालक एक विस्मृतीत गेलेले द्राक्ष आहे.

पिनो न्वार मात्र वेगळ्या घराण्यातले. फ्रान्समधल्या बुर्गोन्य प्रांतातले हे जुने द्राक्ष पातळ सालीचे आहे. त्याच्या सालीतली रंगद्रव्ये कमी असतात आणि त्यांतला एक टिकाऊ प्रकार त्याच्यात जवळजवळ नसतोच, म्हणून वाइनचा रंग फिका दिसतो. पेला तिरका करून त्याखाली वर्तमानपत्र धरले तर पिनो न्वारमधून अक्षरे बहुधा वाचता येतात, कॅबर्नेमधून येत नाहीत. येथे ग्राहकाची हमखास फसगत होते. मी हॉटेलात वाइन वाढण्याचे काम करत असताना एका पाहुण्याने उत्तम पिनो न्वारची बाटली ‘पाणी घातलेले दिसते’ म्हणून परत पाठवली होती, आणि मला तेव्हा त्याला नीट उत्तर देता आले नाही. रंग फिका म्हणजे वाइन हलकी किंवा बनावट, असे नव्हे. तिचे मोल वासात असते: चेरी, स्ट्रॉबेरी, आणि मुरल्यावर ओल्या मातीचा व अळंब्यांचा वास. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे रानात रोयणी उगवतात तेव्हा टोपलीतून जो वास येतो तो डोळ्यांसमोर आणा.

कॅबर्नेबद्दल एक खूण सांगतो, कारण ती विकत घेताना उपयोगी पडते. पेल्याला ढबू मिरचीचा हिरवा वास येत असेल तर तो पायराझिन नावाच्या द्रव्याचा. लिटरमागे दहा-पंधरा नॅनोग्रॅम एवढेही ते असले तरी नाकाला कळते. द्राक्ष पिकत जाते आणि घडावर ऊन पडते तसे हे द्रव्य घटते. म्हणून तीव्र ढबू मिरची म्हणजे द्राक्ष घाईने तोडले किंवा पानांच्या सावलीत राहिले. किंचित असेल तर तो दोष नाही, कित्येकांना तो आवडतोही. अपक्व मर्लोतही हा वास येतो, पिनो न्वारमध्ये सहसा नाही. मर्लोचा धोका उलट बाजूचा आहे. उष्ण हवेत ती चटकन जास्त पिकते, आंबटपणा गळून जातो आणि वाइन जॅमसारखी सपक लागते.

आता निवडीकडे येऊ. निवड कशावरून करावी, या प्रश्नाला माझे उत्तर एकच आहे: ताटात काय आहे आणि बाहेर किती उकाडा आहे त्यावरून. गेल्या वर्षी माझ्या घरी आठ जण जेवायला होते. मेनू आपला नेहमीचा: रेशाद मसाला भरून तळलेले बांगडे, मटणाची शागोती, भात. मी तिन्ही जातींची एकेक बाटली उघडली आणि प्रत्येकाला तिन्ही थोड्या-थोड्या वाढल्या, कारण असा एकत्र घास घेतल्याशिवाय फरक कळत नाही.

पहिला घास बांगड्याचा. कॅबर्नेचा घोट घेताच तिघा-चौघांच्या तोंडाचा भाव बदलला. घोट गिळल्यावर जिभेवर लोखंडी, शिळ्या माशासारखी चव राहिली. मासे ताजे होते, सकाळी बाजारातून आणलेले. दोष माशाचा नव्हता. 2009 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवून दिले की वाइनमधले लोह माशाच्या तेलाशी संयोग पावते आणि तो कुबट वास तयार होतो. लोह लिटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असले की तो ठळकपणे जाणवतो. लोहाचे प्रमाण जातीपेक्षा मातीवर आणि वाइन बनवण्याच्या भांड्यांवर अवलंबून असते, त्यामुळे ते बाटलीनुसार बदलते, आणि एखादी पिनो न्वारही फसवू शकते. त्या दिवशीच्या बाटलीने मात्र फसवले नाही. तिच्यात तुरटपणा कमी असल्याने रेशादमधल्या मिरचीला तिने भडकवले नाही आणि तिच्या आंबटपणाने व्हिनेगरची धार सांभाळून घेतली. बांगड्यासाठी मात्र खरे सांगायचे तर मी पांढरी वाइनच निवडीन. लालच हवी असेल तर पिनो न्वार.

मिरचीचे कारण थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या ताटात ती सर्वत्र आहे. तिखटाने जी जळजळ होते ती ज्या मज्जातंतूंना जाणवते, त्याच तंतूंना अल्कोहोलही चिथावते; म्हणून 14.5 टक्क्यांची वाइन तिखटाबरोबर अधिक पेटते आणि त्यात टॅनिनची खरखर मिसळली की तोंड हैराण होते. बाटलीच्या पाठीवर अल्कोहोलचा आकडा लिहिलेला असतो. तिखट जेवणासाठी 13 टक्क्यांच्या आसपासची बाटली शोधा, जात कोणतीही असो.

शागोतीला चित्र पालटले. भाजलेले खोबरे, खसखस, दगडफूल आणि मटणाची चरबी यांनी टॅनिनला काहीतरी पकडायला मिळाले आणि कॅबर्ने एकदम मवाळ झाली. तरीही आठांपैकी पाच जणांनी मर्लो पसंत केली, आणि मीही त्यांच्यातलाच. मर्लोच्या गोलसर, गोडसर फळाने भाजलेल्या खोबऱ्याशी मेळ घातला आणि तिखट झाकून न टाकता मऊ केले. शागोती कमी तिखट आणि जास्त चरबीची असती, किंवा मिरी-लसूण-मीठ लावून भाजलेले मटण असते, तर मी बेधडक कॅबर्ने वाढली असती. मीठ आणि चरबी यांच्याइतका टॅनिनचा उत्तम मित्र नाही. विंदालूत व्हिनेगर प्रबळ असते. अन्न आंबट असले की वाइनचा आंबटपणा दबतो, त्यामुळे मुळातच आंबटपणा कमी असलेली मर्लो तेथे निस्तेज लागते आणि पिनो न्वार जिवंत राहते.

उकाड्याबद्दल शेवटी बोलतो, पण महत्त्वाने तो मागे नाही. लाल वाइन खोलीच्या तापमानाला वाढावी, हा नियम थंड युरोपातल्या दगडी घरांचा आहे, तेथे खोली 16-18 अंशांची असे. आपल्याकडे एप्रिलमध्ये फळीवरची बाटली 30 अंशांच्या वर जाते आणि त्या तापमानाला तिन्ही वाइन सारख्याच उग्र, नुसत्या अल्कोहोलच्या वासाच्या लागतात. बर्फ आणि पाणी मिसळलेल्या बादलीत बाटली दहा-पंधरा मिनिटे ठेवा. नुसत्या बर्फात ती नीट बुडत नाही आणि वेळ जास्त जातो. फ्रीज असेल तर तास-दीड तास लागेल. कॅबर्ने 17 अंशांना, मर्लो त्याच्या किंचित खाली, पिनो न्वार 14 अंशांना. कॅबर्ने याहून थंड केली तर तिचे टॅनिन दगडासारखे कठीण वाटते, त्यामुळे फ्रीजमधून थेट वाढू नका.

आणि दुकानात जाल तेव्हा बाटली उन्हाच्या खिडकीपाशी किंवा दिव्याखाली उभी असेल तर जात कोणती हे पाहूच नका, ती घेऊ नका. बूच किंचित वर सरकलेले, गळ्याशी चिकट ओघळ, आणि उघडल्यावर ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मनुकांचा वास, एवढ्या तीन खुणांनी उष्णतेने बिघडलेली वाइन ओळखता येते. अशा वेळी पिनो न्वार सर्वांत आधी मरते, कारण तिच्या पातळ सालीतून आलेले टॅनिन तिला फारसे तारत नाही. उघडलेली बाटली उरली तरी हाच हिशेब लावा. बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा. पिनो न्वार दुसऱ्या दिवशी संपवा, मर्लो तिसऱ्या दिवसापर्यंत, आणि कॅबर्ने चौथ्या दिवशी चाखून बघा, कधीकधी ती पहिल्या दिवसापेक्षा मवाळ झालेली असते.