दोन महिन्यांत टोपिक वन: हांगुल, पार्टिकल आणि "शाळेत"चा घोळ

नमस्कार मंडळी. कमेंट उघडल्या की तोच प्रश्न: "ताई, टोपिक वन दोन महिन्यांवर आलीये, हांगुल अजून नीट येत नाही, पार्टिकलमध्ये गोंधळ होतो, काय करू?" प्रत्येकीला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच कॅमेऱ्यासमोर बसले. नवीन असाल तर: टोपिक वन ही कोरियन भाषेची सुरुवातीची परीक्षा, हांगुल ही कोरियन लिपी, आणि पार्टिकल म्हणजे शब्दाला मागून चिकटणारे, आपल्या प्रत्ययांसारखे तुकडे.

परीक्षेचं पटकन. कागदावरच्या टोपिक वनमध्ये ऐकण्याचे ३० प्रश्न ४० मिनिटांत, वाचण्याचे ४० प्रश्न ६० मिनिटांत. लिहिणं नाही, बोलणं नाही, सगळे चार पर्यायांचे प्रश्न. एकूण २०० गुण. ८० मिळाले तर पहिली पातळी, १४० मिळाले तर दुसरी. जुने पेपर ऑडिओसकट topik.go.kr वर आहेत. संपलं. यावर वेगळा व्हिडिओ मागू नका.

हांगुलही पटकन. राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली. मूळ व्यंजनं १४, मूळ स्वर १०, त्यात जोड व्यंजनं ५ आणि जोड स्वर ११, म्हणजे एकूण ४०. रोज अर्धा तास हाताने लिहिलंत तर आठवडा-दहा दिवसांत अक्षरओळख होते. आपल्याला बाराखडीची सवय असते, त्यामुळे व्यंजनाला स्वर चिकटतो हे कुणी समजवावं लागत नाही.

आता पहिली तक्रार. "ताई, देवनागरीत उच्चार लिहिलेला तक्ता द्या ना." नाही देणार. कितीही वेळा विचारा. माझ्याकडे एक मुलगी शिकायची, पुस्तकातल्या प्रत्येक कोरियन शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी लिहायची. वही इतकी सुंदर की फ्रेम करावी! पण डोळा कायम वरच्या ओळीवर, खालची अक्षरं नुसती शोभेला.

[स्क्रीनवर: 거기 / 고기]

हे दोन शब्द बघा. पहिला म्हणजे "तिथे", दुसरा म्हणजे "मांस". देवनागरीत दोन्ही "कोगी" लिहाल. ㅓ म्हणताना तोंड उघडं, ओठ सैल. ㅗ म्हणताना ओठ गोल. तसंच ㅡ आणि ㅜ. तुम्ही दोन्हींना "उ" लिहिता, पण ㅡ म्हणताना ओठ गोल करायचेच नाहीत, दोन्ही बाजूंना ताणायचे. आणि हा ㅡ कुठे आहे माहितीये? 은, 는, 을, 를, 으로. रोज लागणारे निम्मे पार्टिकल याच स्वरावर उभे आहेत.

म्हणजे अक्षरं आधी संपवू आणि मग पार्टिकलकडे वळू, असं करायची गरजच नाही. दोन्ही एका जागी भेटतात, आणि ती जागा म्हणजे बात्छिम, अक्षराच्या चौकटीत तळाशी बसलेलं व्यंजन.

[स्क्रीनवर: 책 → 책이, 책을, 책은]

पुस्तक म्हणजे छेक. तळाशी ㄱ आहे, एकटा असताना "क्" ऐकू येतो. त्याला 이 लावा. छेक-ई? नाही, छेगी. 을 लावा, छेगुल. पुढचा पार्टिकल स्वराने सुरू होतो, म्हणून तळातलं व्यंजन उडी मारून पुढे जातं. कपडे म्हणजे 옷, एकटा असताना "ओत". 이 लागला की ओशी. ओतचा ओशी झाला, आणि ऐकण्याच्या प्रश्नात तुम्ही शब्दकोशातला ओत शोधत बसता. घर 집, म्हणजे जिप. "घरात" म्हणताना जिबे. एक अपवाद: तळातला ㅇ उडी मारत नाही, 가방이 मध्ये "ङ" जागेवरच राहतो.

त्यामुळे शब्द पाठ करताना नुसता "छेक" पाठ करू नका. छेक, छेगी, छेगुल असं तिन्ही मोठ्याने म्हणा. बऱ्याच जणी लिहितात, "ताई, वाचताना कळतं, ऐकताना काहीच कळत नाही". निम्म्या वेळा कारण हेच असतं. शब्द येत असतो, पार्टिकल लागल्यावर त्याचा चेहरा बदलतो.

एक नमुना बघू.

[स्क्रीनवर: 책이 있어요?
① 네, 책이에요. ② 네, 책이 있어요. ③ 아니요, 책이 많아요. ④ 아니요, 책이 좋아요.]

प्रश्न, पुस्तक आहे का? चारही पर्यायांत "छेगी" ऐकू येतं, म्हणून कान फसतो. पहिला म्हणजे "हो, हे पुस्तक आहे". दुसरा म्हणजे "हो, (माझ्याकडे) पुस्तक आहे". उत्तर दुसरं. पहिल्यातला 이 हा पार्टिकलच नाही, तो "असणे" या शब्दाचा तुकडा आहे. छेगी ऐकून टिक करू नका, त्याच्यानंतर काय आलं ते ऐका.

तर नियम असा. पार्टिकलचं रूप ठरवायला डावीकडे बघायचं: तळाशी व्यंजन आहे का? असेल तर 이, 은, 을. नसेल तर 가, 는, 를. दोन खोडकर आहेत. "आणि"वाला उलटा चालतो, व्यंजनानंतर 과, स्वरानंतर 와. आणि 으로 हा ㄹ नंतर नुसता 로 होतो, 지하철로 सारखा. एवढंच. यात कुणी अडकत नाही.

अडकतात ते कोणता पार्टिकल घ्यायचा यात. त्यासाठी बघायचं उजवीकडे, क्रियापदाकडे. पण तुम्ही बघता मराठीकडे! आता जरा चिडणार आहे, सांभाळून घ्या.

"ताई, 에 म्हणजे 'त' ना? आणि 를 म्हणजे 'ला'?" दर दोन दिवसांनी ही कमेंट. खाली कुणीतरी "हो, बरोबर" असं उत्तरही देतं. नका देऊ!

मराठीत "मी शाळेत आहे", "मी शाळेत जाते", "मी शाळेत शिकते". तिन्ही ठिकाणी शाळेत. आता कोरियन.

[स्क्रीनवर: 학교에 있어요. / 학교에 가요. / 학교에서 공부해요.]

पहिल्या दोन्हींत 에, तिसऱ्यात 에서. आपल्या "त"ला हा फरक दिसतच नाही, त्यामुळे मनात मराठी वाक्य तयार करून प्रत्यय बदलायला गेलात की तिसरं हमखास चुकतं. 에 म्हणजे जिथे काही आहे किंवा जिथे जाऊन पोचतं. 에서 म्हणजे जिथे काम घडतं, किंवा जिथून निघतं.

लगेच कुणीतरी लिहील, "म्हणजे क्रिया आली की 에서, सोप्पंय". नाही. खुर्चीवर बसणे, 의자에 앉아요. बसणं क्रियाच आहे, तरी 에, कारण खुर्ची हे पोचायचं ठिकाण आहे. वहीत नाव लिहिणे, 공책에 이름을 써요. लिहिण्याचं काम घडतंय, पण नाव वहीत जाऊन पडतं, म्हणून 에. ग्रंथालयात बसून लिहिलंत तर ग्रंथालयाला 에서. आणि बसमधून उतरणे, 버스에서 내려요, इथे "मधून".

आता "ला". मित्राला भेटते, 친구를 만나요. जुळलं. मित्राला देते? 친구에게 줘요. इथे 를 नाही, कारण दिलं जातं ते पुस्तक, मित्र घेणारा आहे. "मी पुस्तक वाचते" यात मराठीत प्रत्ययच नाही, कोरियनमध्ये 책을 읽어요. बसमध्ये चढते, 버스를 타요. मराठीत "मध्ये", तिथे 를. म्हणजे एका "ला"चे तिथे दोन होतात, आणि 를 येतो तिथे आपल्याकडे कधी ला, कधी मध्ये, कधी काहीच नाही. जुळवायचं कसं? जुळवायचंच नाही. क्रियापद पाठ करताना पार्टिकल चिकटवूनच पाठ करा. 타요 नाही, 를 타요. 가요 नाही, 에 가요. 앉아요 नाही, 에 앉아요. ज्या मुली नुसती क्रियापदांची यादी पाठ करतात त्यांना तेच काम दोनदा करावं लागतं.

एक उतारा करून बघू.

[स्क्रीनवर: 저는 오늘 도서관( ) 갑니다. 도서관( ) 책( ) 읽습니다. 그리고 친구( ) 만납니다.]

आज मी ग्रंथालयात जाते. ग्रंथालयात पुस्तक वाचते. आणि मित्राला भेटते. मराठीत "ग्रंथालयात" दोनदा, एकसारखं. पण उजवीकडे बघा. पहिल्यात 갑니다, जाणं, म्हणून 에. दुसऱ्यात 읽습니다, वाचन तिथे घडतंय, म्हणून 에서. वाचायचं काय, पुस्तक, तळाशी ㄱ, म्हणून 을. 친구 च्या तळाशी काही नाही, भेटणं 를 मागतं, म्हणून 를.

은/는 आणि 이/가 बद्दल लांबलचक व्हिडिओ बघत बसू नका, निदान या दोन महिन्यांत. दोन्ही चालतील अशी वाक्यं खूप असतात, म्हणून पेपरात सहसा दोन्ही पर्याय शेजारी ठेवत नाहीत. इतकं पुरे: "कोण" आणि "काय" कर्ता असेल तर 이/가, म्हणून 누가 आणि 뭐가. त्याच्या उत्तरातही तेच. 있어요, 없어요 मध्ये जे आहे किंवा नाही त्याला, आणि 아니에요 च्या आधीच्या शब्दाला 이/가. "मी" ला 가 लागला की 나 चा 내가 आणि 저 चा 제가 होतो.

आठवडे कसे वाटायचे? पहिले दोन अक्षरं आणि बात्छिमच्या उड्या. पुढचे तीन, पार्टिकलसकट क्रियापदं. उरलेले तीन जुने पेपर, घड्याळ लावून. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, डावीकडे चुकले की उजवीकडे. आठवड्यानंतर पान उलटून बघा, बहुतेकींचं सगळं उजवीकडेच निघतं.

"थेट पार्टिकलचे प्रश्न जेमतेम असतात, मग एवढं कशाला," असंही कुणीतरी विचारलंय. मान्य, रिकाम्या जागांच्या प्रश्नांत तेवढंच. पण "मित्राने मला दिलं" आणि "मी मित्राला दिलं" यातला फरक उताऱ्यात फक्त पार्टिकल सांगतो, आणि त्यावर विचारलेल्या प्रश्नाचे गुण त्याच्यासोबत जातात.

आता हे तुम्ही करा.

[स्क्रीनवर: 버스( ) 내립니다. 공원 의자( ) 앉습니다. 친구( ) 기다립니다.]

बसमधून उतरते, बागेतल्या बाकावर बसते, मैत्रिणीची वाट बघते. तिसऱ्यात मराठीत "ची" आहे, म्हणून 의 लिहिलंत तर कमेंटमध्ये मी येणार आहे. उत्तरं पिन करून ठेवलीत, पण आधी तुमची लिहा.