बक्षीसपत्रातली नाती वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास बक्षीसपत्राचे मसुदे तपासायचं काम मी करते. घरची मंडळी मसुदा हातात आला की सदनिकेचा नंबर, चटईक्षेत्र, मजला, चतुःसीमा हे सगळं बोट ठेवून वाचतात. 'ज्याअर्थी'पासून सुरू होणारी पहिली दोन-तीन पानं मात्र तशीच उलटली जातात. "ते काय, आमचीच नाती आहेत, आम्हाला ठाऊक आहेत," असं म्हणतात. आज मी त्याच पानांबद्दल बोलणार आहे. त्या पानांत कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची पत्नी, कोण आधी वारलं आणि कोण नंतर, हे लिहिलेलं असतं. दस्त देणाऱ्याचा त्या घरावर हक्क कसा आला आणि घेणाऱ्याला मुद्रांक शुल्काची सवलत का मिळते, या दोन्ही गोष्टी तिथेच ठरतात.

एक उदाहरण घेऊ. नावं कल्पित आहेत. मानपाड्याला एक सदनिका आहे. ती दत्ताराम यांनी विकत घेतली, करारनामा आणि भागदाखला दोन्ही त्यांच्याच नावावर. दत्ताराम 2009 मध्ये वारले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यांच्या आई-वडिलांचं निधन त्याआधीच झालेलं. मागे पत्नी शांताबाई, मुलगी मीना आणि मुलगा प्रकाश. प्रकाश 2016 मध्ये वारला, त्याला मूलबाळ नाही आणि मृत्युपत्रही नाही. त्याची पत्नी वैशाली सासूबाईंजवळच राहिली. मीनाने आपला हिस्सा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने आईला दिला. आता शांताबाईंना हे घर वैशालीच्या नावावर करायचं आहे.

मसुद्यात पहिलं वाक्य असं होतं: "लिहून घेणार या लिहून देणार यांच्या सून आहेत." वाक्य खोटं नाही, पण ते पुरत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतल्या 34व्या अनुच्छेदात निवासी किंवा शेतीच्या मालमत्तेसाठी 200 रुपयांच्या शुल्काची जी सवलत आहे, ती ठरावीक नात्यांनाच आहे: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि मृत मुलाची पत्नी. नुसती 'सून' त्या यादीत नाही. मुलगा हयात असेल तर त्याच्या बायकोला ही सवलत मिळत नाही. म्हणून दस्तात नातं असंच लिहिलं पाहिजे: "लिहून घेणार या लिहून देणार यांचे दिवंगत पुत्र कै. प्रकाश दत्ताराम यांच्या पत्नी आहेत." पुढे मृत्यूची तारीख, मृत्यूच्या दाखल्याचा क्रमांक, आणि सोबत दाखल्याची व विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत. बक्षीस दिलेल्या हिश्श्याची किंमत 60 लाख धरली, तर अभिहस्तांतरणाच्या 5 टक्के मूळ दराने 3 लाख होतात, अधिभार वेगळे. एका नात्याच्या उल्लेखावर 200 रुपये आणि 3 लाख एवढा फरक पडतो. शुल्क कमी भरल्याचं पुढे कधी निघालं, तर फरकाच्या रकमेवर दरमहा 2 टक्के दंडही लागतो.

त्याच मसुद्यात पुढे 'सौ. वैशाली' असं आलं होतं आणि शेवटच्या पानावर 'श्रीमती वैशाली'. वर कै. प्रकाश यांच्या पत्नी आणि खाली सौ., हे एकाच दस्तात नको. जुन्या दस्तातला मजकूर उचलून आणला की असं होतं, आणि ते दिसलं की मी उरलेली पानं दुप्पट बारकाईने वाचते. कारण मग 'मुलगी'च्या जागी 'पत्नी' राहून गेलेलंही सापडतं.

आता हक्काचा भाग. मसुद्यात लिहिलं होतं की दत्ताराम यांच्या निधनानंतर शांताबाई "संपूर्ण सदनिकेच्या एकमेव मालक" झाल्या. हे शब्द दिसले की मी थांबते. सोसायटीत नामनिर्देशन शांताबाईंच्या नावे होतं म्हणून ते आलं असावं. पण नामनिर्देशनाने मालकी येत नाही, ती वारसाहक्काने येते. हिंदू वारसा अधिनियमाप्रमाणे 2009 मध्ये पत्नी, मुलगी आणि मुलगा यांना एक-तृतीयांश, एक-तृतीयांश, एक-तृतीयांश असे हिस्से आले. प्रकाश 2016 मध्ये गेला तेव्हा त्याचा एक-तृतीयांश हिस्सा आई आणि पत्नी या दोघींत अर्धा-अर्धा, म्हणजे प्रत्येकी एक-षष्ठांश गेला. शांताबाईंकडे असा अर्धा हिस्सा झाला. मीनाचा एक-तृतीयांश हक्कसोडपत्राने मिळाला, तो धरून सहापैकी पाच. उरलेला सहावा हिस्सा वैशालीचा स्वतःचाच आहे, तो तिला सासूबाई बक्षीस देऊच शकत नाहीत.

इथे तारखेकडे लक्ष द्या. मसुद्यात प्रकाशच्या मृत्यूचं साल एका जागी 2016 होतं आणि दुसऱ्या जागी 2006. टंकलेखनातली चूक, एकच आकडा. पण प्रकाश 2006 मध्ये, म्हणजे वडिलांच्या आधी गेला असता, तर वैशाली ही आधी मृत झालेल्या मुलाची विधवा म्हणून थेट सासऱ्यांची वारस ठरली असती आणि तिला एक-तृतीयांश मिळाला असता. शांताबाईंकडे मीनाचा हिस्सा धरून दोन-तृतीयांश राहिला असता. एका आकड्याने सासूबाई किती देऊ शकतात हेच बदलतं. म्हणून मृत्यूच्या तारखा शेजारी शेजारी लिहून, कोण आधी आणि कोण नंतर, हे मृत्यूच्या दाखल्यांवरून पाहा. घरच्यांच्या आठवणीवर जाऊ नका. आठवण तिथीची असते, दस्ताला तारीख लागते.

वैशालीच्या दस्तात आम्ही शेवटी लिहिलं की शांताबाई आपला सहा-पंचमांश, माफ करा, सहापैकी पाच हिस्सा बक्षीस देत आहेत आणि उरलेला एक हिस्सा वैशालीकडे वारसाने आलेलाच आहे. अपूर्णांक बोलताना उलटतात, तसेच लिहितानाही उलटतात. म्हणून मी हिस्सा आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही तऱ्हेने लिहून घेते.

मीनाच्या नावाचाही प्रश्न आला. हक्कसोडपत्रात ती 'मीना सुरेश' आहे, कारण लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'मीना दत्ताराम'. उद्या ही सदनिका विकायला निघाली, की बँकेचा वकील विचारणार, दत्ताराम यांची मुलगी मीना आणि ही मीना सुरेश एकच कशावरून? उत्तर दस्तातच हवं: "सौ. मीना सुरेश, विवाहापूर्वीचे नाव मीना दत्ताराम, कै. दत्ताराम यांची मुलगी व श्री. सुरेश यांची पत्नी." या चार तुकड्यांतला एकही गाळू नका. आधार कार्डावर पत्त्याच्या आधी पतीचं किंवा वडिलांचं नाव येतं, त्यावर विसंबून नातं लिहू नका. तो पत्त्याचा भाग आहे, नात्याचा पुरावा नाही. नात्यासाठी जन्मदाखला, शाळेचा दाखला, विवाह प्रमाणपत्र काढा.

मराठीत लिहिलेल्या दस्तांत आणखी एक धोका असतो, आणि तो मला सगळ्यांत जास्त सतावतो. वाक्य असं असतं: "कै. दत्ताराम यांचे पुत्र प्रकाश व त्यांच्या पत्नी हे सदर सदनिकेत राहत होते." त्यांच्या म्हणजे कुणाच्या? दत्तारामांच्या की प्रकाशच्या? आदरार्थी बहुवचनामुळे दोन्ही अर्थ निघतात, सासू आणि सून दोघीही त्यात बसतात. घरच्यांना अर्थ माहीत असतो, त्यामुळे त्यांना ही चूक दिसतच नाही. उपाय सोपा आहे. या पानांत 'त्यांचा, त्यांची, त्यांच्या' हे शब्द काढून टाका आणि दर वेळी पूर्ण नाव लिहा. वाचायला रटाळ होतं, होऊ द्या.

ऐरोली, घणसोलीच्या गावठाणातलं घर किंवा शहापूरकडची शेतजमीन असेल, तर जुन्या उताऱ्यांतली नाती मसुद्यात उतरवताना जपा. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्र.' म्हणजे अमक्याची पत्नी. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, त्यापुढचं नाव पालकाचं असतं आणि तो पालक वडीलच असेल असं नाही, आई किंवा काकाही असतो. ही अक्षरं कुणाची आद्याक्षरं समजून नावाला चिकटवलेली मी पाहिली आहेत.

तपासायची माझी रीत सांगते. कोऱ्या कागदावर, फक्त मसुद्यात लिहिलेलंच वाचून वंशावळ काढायची. घरच्यांना काही विचारायचं नाही. कुठे रेघ जोडता आली नाही, तर मसुद्यात नातं अपुरं आहे. एकाच माणसाला दोन ठिकाणांहून रेघ आली आणि ती जुळली नाही, तर मसुद्यात चूक आहे. मग ती वंशावळ दाखल्यांशी ताडून पाहायची. हे एकट्याने करू नका. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने हातात दाखले धरून बसावं.

नात्याच्या शब्दात किरकोळ चूक राहिली म्हणून बक्षीसपत्र आपोआप रद्द होत नाही. माणूस कोण हे बाकी मजकुरावरून स्पष्ट असेल, तर दस्त टिकू शकतो. पण ते सिद्ध करत बसायची वेळ कुणावर का यावी?

दुय्यम निबंधक कार्यालयात शेवटची संधी असते. तिथे संगणकात भरलेली माहिती सूची क्रमांक दोनमध्ये आणि दस्ताच्या गोषवाऱ्यात जाते. अंगठा आणि फोटो देण्याआधी पडद्यावर नाव, मधलं नाव आणि कोण देणार, कोण घेणार हे वाचून घ्या. मसुदा बरोबर असूनही तिथे मधलं नाव चुकू शकतं. रांगेतले लोक घाई करतात. करू देत.

नोंदणीनंतर चूक सापडली, तर चूकदुरुस्तीपत्र करून तेही नोंदवावं लागतं आणि त्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही सही लागते. शांताबाई हयात आहेत तोवर हे एका दिवसाचं काम आहे. त्या गेल्यावर त्यांच्या वारसांना, म्हणजे मीनाला, सहीला बोलवावं लागेल. ती तयार नसेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 26 खाली दिवाणी न्यायालयात दुरुस्ती मागावी लागेल. म्हणून नोंदलेला दस्त हातात आला की त्याच आठवड्यात पुन्हा एकदा, पहिल्या पानापासून, नाती वाचा.